क्रांतीबाईंच्या कार्डावर सह्यांना जागा

लक्ष्मीपुरीत आण्णा मगदुमांचा छापखाना आहे. तिथं आठवड्यातून चार दिवस मी प्रुफं वाचायला जातो. ही गोष्ट माझी नाही, तिथं संगणकावर मजकूर मांडणाऱ्या जुलेखा शिकलगारची आहे. गेल्या जानेवारीत एका निरोपाच्या कार्डावरून जे झालं ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं. म्हणून एकदा नीट सांगून टाकतो.

जुलेखा मूळची कुरुंदवाडची. वडील अल्लाउद्दीन, पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं त्यांनी रंगवलं. पाटी रंगवायची म्हणजे आधी अक्षरं मोजायची, मग खडू लावलेल्या दोरीनं रेघ पाडायची आणि मगच ब्रश भिजवायचा, हे जुलेखा लहानपणापासून बघत आली. दहावीला गणितात नापास झाली. ऑक्टोबरच्या परीक्षेत सुटली, पण गणिताची धास्ती गेली नाही. लग्न होऊन कोल्हापुरात आली. नवरा अझीम वायरमन. मुलगी मेहक शाळेत जायला लागल्यावर जुलेखानं तीन महिन्यांचा डीटीपीचा कोर्स केला आणि आण्णांच्या छापखान्यात लागली. त्याला आता बारा वर्षं झाली. लग्नपत्रिका, हँडबिलं, अहवाल, दशक्रियेची कार्डं, सगळं तिच्या हातून जातं. छापखान्यात येणारे सगळे तिला भाभी म्हणतात. बोलते मोजकं, इथल्या बायकांसारखं 'मी करतो, मी देतो' असं, पण मनाला लागलं तर समोर कोण आहे ते बघत नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निशिगंधा नावाची एक तरुण शिक्षिका छापखान्यात आली. उपनगरातल्या एका अनुदानित शाळेत ती विज्ञान शिकवते. तिच्या शाळेतल्या क्रांती चौगुले एकतीस तारखेला निवृत्त होणार होत्या. सगळ्या स्टाफनं मिळून एक मोठं कार्ड द्यायचं ठरवलं होतं आणि ते करून घ्यायचं काम निशिगंधाकडं आलं होतं.

"कुठल्या क्रांतीबाई? गणिताच्या?" जुलेखानं विचारलं.

"व्हय. तुम्ही ओळखता?"

"माझी मेहक तुमच्याच शाळेची. गेल्या सालीच दहावी झाली." जुलेखानं संगणकावर उघडलेली लग्नपत्रिका बंद केली. "बसा मॅडम."

मेहक आईसारखीच गणिताला घाबरायची. नववीच्या वर्षी क्रांतीबाईंनी तिला आणि आणखी सातआठ पोरांना शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. दीड वर्ष, आठवड्यातून तीन दिवस. शिकवणी नव्हे, कुणाकडून काही घ्यायचा प्रश्नच नव्हता. मेहक दहावीला गणितात एक्काहत्तर मार्कांनी पास झाली. तो निकाल हातात घेऊन जुलेखा छापखान्यात आली होती आणि एकेकाला दाखवत फिरली होती.

निशिगंधानं पर्समधून एक कागद काढला. "हा मजकूर. ऑफिसातनं दिलाय. अध्यक्षांनी मंजूर केलेला."

जुलेखानं वाचला आणि माझ्याकडं सरकवला. "काका, बघा की."

मी वाचला. 'संस्थारूपी वटवृक्षाच्या छायेत आपण सव्वीस वर्षे ज्ञानदानाचे पवित्र कार्य केलेत. इंग्रजी विषयाचे गाढे अभ्यासक, शिस्तप्रिय शिक्षक व कुटुंबवत्सल गृहस्थ म्हणून आपली ओळख आहे. संस्थेने आपणांस घडविले, याचा संस्थेस अभिमान आहे.' पुढं उर्वरित आयुष्य सुखासमाधानाचं, भरभराटीचं वगैरे.

"गृहस्थ?" मी म्हणालो.

निशिगंधा खाली बघत होती. "दोन वर्षांमागं इंग्रजीचे एक सर रिटायर झाले. तोच मजकूर हाय. वरचं नाव तेवढं बदललंय."

एकतीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला देताना तो कागद एकदा वाचून बघावा, एवढंही कुणाला वाटलं नव्हतं. आणि या बाई कोण? ज्येष्ठतेच्या यादीत त्यांचं नाव पहिलं होतं. मुख्याध्यापकपद त्यांना मिळायला हवं होतं. ते अध्यक्षांच्या भाच्याला मिळालं. कारण काय, तर अध्यक्षांच्या घरच्या लग्नात पंगतीला वाढायला शिक्षकांच्या ड्युट्या लावल्या होत्या, तेव्हा क्रांतीबाईंनी त्या यादीवर स्वतःच्या नावापुढं 'येणार नाही' असं लिहून सही केली होती. हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. बोलत कुणी नव्हतं.

"मॅडम," जुलेखा म्हणाली, "हे मी असंच्या असं लावू शकतो. पाच मिनिटांचं काम हाय. पण तुमाला काय म्हणायचंय बाईंना, ते सांगा. तुमाला, स्टाफला."

निशिगंधानं पर्स मिटली. मग म्हणाली, "मला लिहायला जमत न्हाय तसलं."

"तसलं नगोच. काय झालं ते सांगा. त्यांनी काय केलं?"

मग एकेक निघायला लागलं. निशिगंधाचा मुलगा डेंग्यूनं दवाखान्यात होता तेव्हा पंधरा दिवस तिचे तास बाईंनी घेतले आणि तिला ते नंतर वेळापत्रक बघून कळलं. वर्गात कुणी चुकीचं उत्तर दिलं तर बाई ते फळ्यावर लिहायच्या आणि चूक कुठल्या पायरीवर झाली ते सगळ्यांना शोधायला लावायच्या. जुलेखा कच्च्या कागदावर पेन्सिलनं लिहीत होती, खोडत होती. निशिगंधा म्हणाली, "ऋणनिर्देश असं काहीतरी घालू या का?" जुलेखा म्हणाली, "बाईंशी बोलताना तुम्ही हा शब्द म्हणता?" निशिगंधा हसली आणि तो शब्द गेला. तासाभरानं एवढं उरलं:

'क्रांतीबाई,
एकतीस वर्षं तुम्ही गणित शिकवलंत. ज्याला येत नव्हतं त्याला शाळा सुटल्यावर थांबवून शिकवलंत आणि कधी कुणाला ढ म्हटलं नाहीत. आमच्या घरी कुणी आजारी पडलं तर आमच्या तासाला, न सांगता, तुम्ही उभ्या राहिलात.
उद्यापासून तुमचा तास कोण घेणार ते वेळापत्रकात लिहिलंय. तरी घंटा झाली की आम्ही दाराकडं बघणार.
सोबत सगळ्यांच्या सह्या आहेत. सवडीनं वाचा.'

मी फक्त एक अनुस्वार घातला.

"आता सांगा, सह्या किती जणं करणार?" जुलेखानं विचारलं. निशिगंधा म्हणाली, असतील चाळीसएक. "असतील म्हणून चालत न्हाय मॅडम. शेवटचा माणूस कोपऱ्यात मुंगीएवढं नाव लिहितो मग. नावं काढा." नावं काढली. शिक्षक, ऑफिस, ग्रंथालय, प्रयोगशाळा, शिपाई, सफाईवाल्या विठाबाई, सगळे धरून सेहेचाळीस झाले. शिवाय बाईंच्या दहावी क वर्गाची बावन्न पोरं.

जुलेखानं अठरा बाय बाराचा कागद धरला, मधे दुमडायचा. एका सहीला अडीच इंच रुंदी आणि एक इंच उंची, कारण माणसं नुसती सही करत नाहीत, एखादी ओळही लिहितात. मजकूर तिनं आतल्या डाव्या पानावर वरच्या भागात बसवला. निशिगंधाला तो बरोबर मधोमध हवा होता. "मधनं दुमड जाती," जुलेखा म्हणाली. "अक्षरं घडीत सापडतात. दहा वेळा उघडलं की तिथला रंग उडतो." बाकीची डावी बाजू आणि उजवं पान सगळं मोकळं, स्टाफसाठी. मागचं पान पोरांना, त्यांना अर्धा इंच उंची पुरते. कडेनं अर्धा इंच सोडायचा. रेघा नाहीत, चौकटी नाहीत. चौकटी मारल्या की हजेरीपत्रक दिसतं. त्याऐवजी तिनं अंतराअंतरावर इतके फिकट राखाडी ठिपके ठेवले की सही झाल्यावर ते दिसतही नाहीत, पण करणाऱ्याला अंदाज येतो. वरून चकचकीत लॅमिनेशन चालेल, आतून आणि मागून कागद साधाच ठेवायचा, म्हणजे शाई धरते. जाड कार्ड असल्यानं घडीवर आधी मशीनची खाच मारायची, नाहीतर कडेला भेगा पडतात.

निशिगंधा प्रूफ घेऊन गेली. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी वाचलं. दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. प्रूफ मंजूर झालं.

आणि दुसऱ्या दिवशी सम्राट आला.

सम्राट म्हणजे अध्यक्षांचा मुलगा, संस्थेचा सहसचिव. त्या संस्थेच्या दोन शाळा आणि एक ज्युनियर कॉलेज. प्रश्नपत्रिका, डायऱ्या, प्रगतिपुस्तकं, सगळं आण्णांकडं छापलं जातं. त्यामुळं तो आला की आण्णा खुर्चीतून उठतात. त्यानं ते प्रूफ टेबलावर टाकलं.

"हा मजकूर कुणी बदलला?"

"स्टाफनं," जुलेखा म्हणाली. "कार्ड स्टाफचं हाय."

"शाळा संस्थेची हाय भाभी. मंजूर केलेला मजकूर बसवा. एक अक्षर बदलायचं न्हाय. आणि इथं," त्यानं उजव्या पानावर बोट ठेवलं, "वर अध्यक्षांचा फोटो. मोठा. खाली अकरा संचालकांची नावं, पदासकट. नावापुढं चौकट मारा, त्यात ते सही करतील."

"मग स्टाफनं कुठं करायच्या?"

"ह्या पट्टीत." त्यानं खालची दीड इंचाची पट्टी दाखवली. "सीनियर लोकांच्या घ्या आठदहा. बास की."

"अठ्ठ्याण्णव जणांची जागा हाय ती साहेब."

"अठ्ठ्याण्णव कोण?"

जुलेखानं यादी पुढं केली. त्यानं वाचली आणि हसला. "पोरं? शिपाई? झाडूवालीची सही कशाला पाहिजे ह्याच्यावर? कार्ड खराब करतात ही माणसं. तेलकट हात, वेडंवाकडं लिहिणं."

हे बोलताना दाराशी विठाबाई उभ्या होत्या. निशिगंधानं वर्गातल्या पोरांच्या नावांची यादी त्यांच्या हाती पाठवली होती. त्यांनी ऐकलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं की त्यांनी ऐकलं. सम्राटनंही बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

विठाबाईंनी यादी टेबलाच्या कडेला ठेवली. "ताई, पोरांची नावं," एवढं म्हणाल्या आणि पदर सावरून निघून गेल्या.

विठाबाईंच्या सहीची हकिकत तोवर मला ठाऊक नव्हती, जुलेखाला होती. मेहकनं सांगितली होती. विठाबाई वीस वर्षं त्या शाळेत झाडू मारतायत. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हजेरीला अंगठा लावायच्या. शाळा सुटल्यावर क्रांतीबाई पोरांना घेऊन बसायच्या तेव्हा विठाबाई वर्ग झाडायला यायच्या. एके दिवशी बाईंनी त्यांनाही बाकावर बसवलं. 'विठाबाई' या चार अक्षरांना चार महिने लागले. ठ चा गोल जमत नव्हता. मेहकच्या वहीच्या मागच्या पानांवर अजून ते ठ आहेत.

जुलेखा उभी राहिली. ती उंच नाही, आवाजही मोठा नाही. पण त्या दिवशी छपाईच्या खोलीतला माणूस मशीन बंद करून दारात आला.

"साहेब, मी बारा वर्षं हे काम करतोय. मेलेल्या माणसाच्या कार्डावर लोकांनी निवडणुकीचे फोटो छापायला लावले, तेबी मी लावले. मी काय म्हटलं न्हाय. पण ही बाई ज्यांच्यासाठी राबली त्यांची नावं काढून ज्यांनी तिचं पद खाल्लं त्यांचे फोटो लावायचे, हे माझ्या हातनं होणार न्हाय."

"काय बोलताय तुम्ही?"

"आणि जिच्याविषयी तुम्ही आत्ता बोलला, ती तिथं उभी होती. तुमाला दिसत होती."

आण्णा मधे पडले. "जुलेखा, आत जा. साहेब, तुम्ही बसा, चहा घ्या. करतो मी."

"आण्णा, तुम्ही करा," जुलेखा म्हणाली. "फाईल तुमाला देतो. मी करणार न्हाय." मग सम्राटकडं वळून तिनं त्याच आवाजात सांगितलं, "आतून लॅमिनेशन तेवढं करू नका. शाई बसत न्हाय. पेन घसरतं, पुसलं जातं."

राग एवढा आलेला असताना कामातली खरी गोष्ट तिनं लपवली नाही, हे मला फार मोठं वाटलं. सम्राटला ते टोमण्यासारखं वाटलं असावं. तो म्हणाला, "आतबाहेर सगळं चकचकीत पाहिजे. साधं कार्ड आमच्यात चालत न्हाय."

तो गेल्यावर आण्णा गल्ल्यामागं जाऊन बसले. माणूस वाईट नाही. पण भितो. "करून टाकायचं की," ते म्हणाले. "आपल्या बापाचं काय जातंय? लोकांचं कार्ड."

"माझ्या बापाचं जातंय आण्णा. माझा बाप पाटीवर मालकाचं नाव लिहायच्या आधी विचारायचा, हेच नाव नक्की ना, म्हणून. खोटं नाव त्यांनी कधी रंगवलं न्हाय."

आण्णांनी संस्थेचं कार्ड स्वतः बसवलं. वटवृक्ष, सव्वीस वर्षं, इंग्रजी, गृहस्थ, सगळं जसंच्या तसं. मी प्रुफावर तिन्ही चुकांना लाल खूण केली. आण्णांनी सम्राटला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की मंजूर मजकुरात ढवळाढवळ नको. आण्णांनी माझं प्रूफ घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं. "उद्या माझ्यावर यायला नको," म्हणाले.

संध्याकाळी निशिगंधा आली. तिला शाळेत बोलावून झाडलं होतं. संस्थेच्या परवानगीशिवाय मजकूर बदलला म्हणून लेखी खुलासा मागितला होता. ती अजून कायम झालेली नाही, त्यामुळं घाबरली होती. जुलेखा तिला म्हणाली, "मॅडम, तुमचं तुम्ही ठरवा. तुमची नोकरी हाय. मी काय सांगत न्हाय."

निशिगंधा स्टुलावर बसली. स्टाफच्या कार्डाचं प्रूफ अजून टेबलावरच होतं. तिनं ते उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाली, "ते त्यांचं देऊ देत. हे आमचं छापा."

आण्णा आतून ऐकत होते. त्यांनी नको म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. मशीनवरच्या माणसाला एवढंच म्हणाले की अठरा बाय बाराचा चांगला कागद वरच्या कप्प्यात आहे.

कार्ड तीन दिवस शाळेच्या लेडीज स्टाफरूममध्ये होतं, जुन्या नकाशांच्या मागं. जुलेखानं सोबत शाईच्या दोन पेना पाठवल्या होत्या आणि एक कोरा कागद, तळहाताखाली ठेवायला, म्हणजे घामाचा डाग पडत नाही. पहिल्यांदा पी.टी.चे सर बसले आणि त्यांनी ठिपके न बघता चारजणांची जागा खाल्ली, पण जुलेखानं तेवढी सोडलेलीच होती. कुणी एक ओळ लिहिली, कुणी नुसतं नाव. आकाराम शिपायांनी लिहिलं, 'घंटा वेळेवर द्यायला तुम्ही शिकवलं.' पोरांनी मागचं पान दोन मधल्या सुट्ट्यांमध्ये भरून टाकलं.

विठाबाई तयार होत नव्हत्या. "नगो," म्हणाल्या. "खराब व्हईल." निशिगंधानं दोनदा सांगितलं, तरी नाही. छापखान्यात येऊन तिनं हे सांगितल्यावर जुलेखा त्या दुपारी जेवायच्या सुट्टीत रिक्षा करून शाळेत गेली. विठाबाईंना जिन्याखाली गाठलं. तिथं काय बोलणं झालं ते तिनं मला नंतर सांगितलं.

"विठाबाई, ही जागा मी तुमच्यासाठी मोजून ठेवली हाय. तुमी न्हाय केली तर ती तशीच मोकळी राहणार. बाई विचारतील, इथं कोण व्हतं म्हणून."

विठाबाईंनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. आधी प्रुफाच्या पाठीवर सहा वेळा लिहून बघितलं. मग मजकुराच्या बरोबर खाली सही केली. ठ चांगला आला.

शेवटच्या दिवशी मुख्याध्यापक स्वतः आले, अध्यक्षांचा तोच भाचा. त्यांना कार्डाचं कळलं होतं. त्यांनी दार लोटून घेतलं, मजकूर वाचला आणि उजव्या पानाच्या अगदी तळाला, बारीक अक्षरात सही केली. पद लिहिलं नाही. "मी बघितलेलं न्हाय हे," म्हणाले आणि गेले. त्या माणसाची मला कीव येते आणि रागही येतो. सगळं कळत होतं त्याला.

एकतीस तारखेला शाळेच्या हॉलमध्ये समारंभ झाला. मेहकला बोलावणं होतं म्हणून जुलेखा तिच्यासोबत गेली आणि मला ओढून घेऊन गेली. व्यासपीठावर अकरा खुर्च्या संचालकांच्या. क्रांतीबाईंची खुर्ची कडेला. अर्धा तास अध्यक्षांनी संस्थेचा इतिहास सांगितला. मग संस्थेचं कार्ड फिरलं. संचालकांनी तिथंच, त्या चकचकीत पानावर, घसरत्या पेनांनी सह्या केल्या आणि सम्राटनं ते लगेच मिटून बाईंच्या हातात दिलं.

बाईंनी उघडलं. शाई ओलीच होती. अकरा सह्या फरफटून समोरच्या पानावर उलट्या उमटल्या होत्या आणि फोटोसमोरच्या मजकुरावर निळे पट्टे पडले होते. बाईंच्या बोटांनाही शाई लागली. त्यांनी रुमाल काढून बोटं पुसली आणि माइकसमोर आल्या.

"ह्या कार्डावर जे लिहिलंय ते मी वाचून दाखवते," त्या म्हणाल्या आणि वर्गात गणित वाचावं तशा स्वच्छ आवाजात वाचत गेल्या. सव्वीस वर्षं. इंग्रजी. 'शिस्तप्रिय शिक्षक व कुटुंबवत्सल गृहस्थ.' मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. "मी इथं एकतीस वर्षं गणित शिकवलं," बाई म्हणाल्या. "हे कार्ड ज्यांचं असेल त्यांना पोचवा." त्यांनी ते टेबलावर ठेवलं. बाकी आभार मानले आणि खाली बसल्या. सात मिनिटंसुद्धा बोलल्या नाहीत.

स्टाफचं कार्ड व्यासपीठावर द्यायला परवानगी नव्हती. कार्यक्रमपत्रिकेत नाही, असं सम्राटनं सांगितलं. म्हणून ते दहावी 'क'च्या वर्गात दिलं, बावन्न पोरांसमोर. बाईंनी चष्मा बदलला आणि वाचायला लागल्या. मजकूर एकदा. मग सह्या, एकेक, बोट ठेवून. पोरांची नावं मोठ्यानं वाचली, हजेरी घ्यावी तशी, आणि पोरं खरंच हजर म्हणत होती. तिकडं ऑफिसात संचालकांचा चहा त्यांच्यासाठी थांबला होता. दोनदा बोलावणं आलं. बाई म्हणाल्या, "वाचून होऊ दे."

चार दिवसांनी त्या छापखान्यात आल्या. सुती साडी, हातात भाजीची पिशवी. जुलेखा गडबडून उठली.

"हे तू मांडलंस ना?" बाईंनी विचारलं. "निशिगंधा म्हणाली."

"व्हय बाई."

"जागा बरोबर मोजलीस. कुणाचं नाव कुणावर चढलं नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "एक चूक आहे. मी कधी कुणाला ढ म्हटलं नाही, असं लिहिलंयस. म्हटलंय. दोनदा. दोन्ही पोरांची नावं मला आठवतात."

जुलेखानं पेन्सिल उचलली. "दुरुस्त करून देऊ बाई?"

"नको. सह्या झाल्यात त्याच्यावर. राहू दे." चहा न घेता त्या गेल्या.

इथं थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण आठवड्यानं संस्थेनं परिपत्रक काढलं: कोणत्याही कर्मचाऱ्यानं परवानगीशिवाय शुभेच्छापत्र, मानपत्र वा भेटवस्तू देऊ नये. खाली सगळ्या कर्मचाऱ्यांची नावं, प्रत्येकापुढं चौकट, 'वाचून सही करावी.' सेहेचाळीस चौकटी. विठाबाईंचीसुद्धा. धाक घालायला बरोबर जागा सापडली. जिची सही कार्डाला घाण लावणार होती, तिची सही इथं मात्र हवी होती. निशिगंधा सांगत होती की विठाबाईंनी ऑफिसातला शाईचा पॅड मागून घेतला आणि अंगठा लावला. कारकून म्हणाला, तुम्हाला सही येते की. त्या म्हणाल्या, "ह्या कागदाला येत न्हाय."

संस्थेचं काम आमच्याकडून गेलं. सम्राटनं आण्णांना कळवलं होतं की भाभीनं लेखी माफी मागितली तर विचार करू. आण्णांनी तो निरोप जुलेखाला सांगितला, खाली बघत. ती म्हणाली, "मजकूर त्यांनीच पाठवलाय की मी लिहू?" आण्णांनी पुन्हा विषय काढला नाही. मार्चभर मशीन अर्धा दिवस बंद असायचं. आण्णा तिच्याशी कामापुरतं बोलायचे. तिनं जागा बदलायचा विचार केला, अझीमशी बोलली. तो म्हणाला, तुला जायचं असेल तर जा, हाकललं म्हणून जाऊ नको. ती राहिली. एप्रिलात लग्नाच्या पत्रिका सुरू झाल्या आणि आण्णा हळूहळू पहिल्यासारखं बोलायला लागले.

निशिगंधाचा खुलासा अजून संस्थेच्या ऑफिसात पडून आहे. तिला कायम केलेलं नाही आणि काढलेलंही नाही. दर महिन्याला ती विचारायला जाते, दर महिन्याला फाईल साहेबांकडं आहे असं उत्तर मिळतं. परवा ती छापखान्यात आली होती. जुलेखानं तिला विचारलं, पस्तावा होतो का. निशिगंधा म्हणाली, "घरी गेलं की होतो. शाळेत आलं की न्हाय."

जुलेखानं तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि निशिगंधाला कायम करावं म्हणून शिक्षण खात्याकडं करायच्या अर्जाचा मसुदा दोघी मिळून लिहायला बसल्या.